मामांच्या मोबाईलमधून मेल कोण पळवतंय? POP वरून IMAP ला आलो त्याचा अनुभव

माझ्या मामांचं भोसरीला छोटं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. घरात कॉम्प्युटरचं थोडंफार कळणारा मीच, त्यामुळे प्रिंटर अडकला की फोन मला आणि टॅली उघडत नसलं तरी फोन मलाच. गेल्या दिवाळीनंतर मामांचा फोन आला, "अरे, माझ्या मोबाईलमधून मेल आपोआप उडतायत, व्हायरस आहे का बघ." रविवारी रात्री एका कस्टमरची पर्चेस ऑर्डर त्यांनी मोबाईलवर बघितली होती, सकाळी नीट वाचू म्हणून ठेवली, आणि सोमवारी अकरा वाजता बघतात तर इनबॉक्समध्ये ती मेल नाहीच.

मी आधी मोबाईलवरच संशय घेतला. ॲप काढून परत टाकलं, अकाउंट परत जोडलं, दोन दिवस सगळं ठीक आणि परत तेच. मग मामांना म्हटलं की मेल कधी दिसतात आणि कधी जातात ते जरा लक्ष ठेवून सांगा. चार दिवसांनी त्यांनी जे सांगितलं त्यातच उत्तर होतं: रात्री आणि रविवारी आलेल्या मेल व्यवस्थित राहतात, सकाळी साडेनऊच्या सुमारास सगळ्या एकदम जातात, आणि दिवसभरात आलेली मेल दिसलीच तर पाच-दहा मिनिटं दिसते. साडेनऊला काय होतं? ऑफिसातल्या ताई येऊन पीसी चालू करतात!

त्या पीसीवर थंडरबर्ड हा मेलचा प्रोग्राम आहे, तो दर दहा मिनिटांनी मेल चेक करतो. सेटिंग उघडलं तर अकाउंट POP चं, म्हणजे मेल मशीनवर उतरवून घेण्याच्या जुन्या पद्धतीचं निघालं, आणि Leave messages on server ची टिक काढलेली. म्हणजे पीसी सर्व्हरवर जायचा, असतील तेवढ्या मेल उचलून स्वतःच्या हार्ड डिस्कवर आणायचा आणि सर्व्हरवरच्या पुसून टाकायचा. मोबाईलवर अकाउंट होतं IMAP चं, आणि IMAP म्हणजे सर्व्हरवर जे आहे ते दाखवणारी खिडकी. सर्व्हर रिकामा झाला की खिडकीतही काही दिसणार नाही. मोबाईल बिचारा खरं तेच दाखवत होता.

खात्री करायला मी घरून माझ्या लिनक्स लॅपटॉपवरून सर्व्हरशी थेट POP मध्येच बोलून बघितलं (हे करायची काही गरज नव्हती, वेबमेल उघडूनही कळलं असतं, पण मला खाज):

```
openssl s_client -quiet -crlf -connect mail.example.com:995
USER info@example.com
PASS ********
STAT
+OK 3 214877
QUIT
```

STAT चं उत्तर म्हणजे तीन मेल, एकूण इतके बाईट. ऑफिसच्या पीसीवर अकरा हजारांच्या वर मेल आणि सर्व्हरवर तीन. २०१४ पासूनचा सगळा पत्रव्यवहार त्या एका हार्ड डिस्कवर होता, आणि त्याचा बॅकअप कोणीही घेतलेला नव्हता. हे मामांना सांगितलं तेव्हा ते थोडा वेळ काही बोललेच नाहीत.

ती टिक कोणी आणि का काढली तेही नंतर कळलं. होस्टिंगवर एका मेलबॉक्सला १ जीबी जागा, आणि कस्टमर ड्रॉइंगच्या मोठ्या पीडीएफ पाठवतात. कधीतरी मेलबॉक्स भरून मेल पाठवणाऱ्याकडे परत जायला लागल्या, तेव्हा सेटअप करणाऱ्याने सरळ टिक काढून टाकली. तेव्हा मेल बघणारा एकच पीसी होता, त्यामुळे त्याचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. POP बनलंच त्यासाठी आहे, पोस्टात जायचं, आपली पत्रं घ्यायची, घरी यायचं. मोबाईल नंतर जोडला गेला आणि तिथून भानगड झाली.

आता माझी चूक. मला वाटलं टिक परत लावली की झालं. लावली, आणि आठवडाभर सगळे खूश, कारण नवीन मेल पीसीवर पण आणि मोबाईलवर पण. मग एक दिवस एका कस्टमरला एकाच चौकशीची दोन कोटेशन गेली, मामांनी रात्री मोबाईलवरून एक रेट दिला आणि ताईंनी सकाळी पीसीवरून दुसरा! ताईंचं म्हणणं बरोबर होतं, त्यांच्याकडे ती मेल न वाचलेली, ठळक अक्षरात दिसत होती आणि सेंटमध्ये मामांचं उत्तर नव्हतं.

कारण POP ला फक्त इनबॉक्स कळतो. मेल वाचली की नाही, उत्तर दिलं की नाही, कोणत्या फोल्डरमध्ये टाकली, ही माहिती ठेवायची सोयच त्यात नाही. मेल आणा, पाहिजे तर पुसा, संपलं. पाठवलेली मेल तर POP चा विषयच नाही, पाठवायचं काम SMTP करतं (IMAP असलं तरी तेच करतं) आणि POP अकाउंटमध्ये त्याची कॉपी ज्या मशीनवरून पाठवली तिथेच राहते. शिवाय त्या टिकेच्या खाली For at most 14 days अशी अजून एक टिक असते, ती मी तशीच ठेवली होती, त्यामुळे दोन आठवड्यांनी जुन्या मेल मोबाईलमधून परत जायला लागल्या. मामा म्हणाले, "व्हायरस परत आला बघ."

अजून एक गंमत म्हणजे त्याच आठवड्यात मामांनी घरच्या लॅपटॉपवर पण मेल पाहिजे म्हणून सांगितलं आणि मी तिथेही POP च लावलं. POP मध्ये कोणती मेल आधी आणली आहे हे सर्व्हर लक्षात ठेवत नाही, प्रत्येक मेलला सर्व्हर एक ओळख देतो आणि आपण काय काय आणलं त्याची यादी प्रत्येक मशीन स्वतःजवळ ठेवतं. थंडरबर्डमध्ये ती popstate.dat नावाच्या फाईलमध्ये असते. लॅपटॉपवर प्रोफाईलशी, म्हणजे थंडरबर्ड मेल आणि सेटिंग ठेवतो त्या फोल्डरशी, काहीतरी खेळताना माझ्या हातून ती फाईल गेली, आणि पुढच्या चेकला सर्व्हरवरच्या सगळ्या मेल नव्याने आल्या, प्रत्येकीची दुसरी कॉपी. तेव्हा ठरवलं की आता ठिगळं लावणं बस, सगळीकडे IMAP.

शनिवारी दुपारी वर्कशॉप बंद झाल्यावर बसलो. पहिलं काम, थंडरबर्ड बंद करून अख्खं प्रोफाईल फोल्डर एका एक्स्टर्नल डिस्कवर कॉपी केलं. मग जुन्या POP अकाउंटमधलं चालू होताना मेल चेक करणं आणि दर दहा मिनिटांनी चेक करणं, दोन्ही बंद केलं. हे विसरलात तर तुम्ही IMAP लावत असताना मागून POP सर्व्हर साफ करत राहील. थंडरबर्डमध्ये POP अकाउंट बदलून IMAP करता येत नाही, तोच पत्ता नवीन अकाउंट म्हणून जोडावा लागतो. तो जोडला, IMAP, पोर्ट 993, SSL/TLS, आणि डावीकडे एकाच पत्त्याची दोन अकाउंट दिसायला लागली, एक भरलेलं, एक जवळजवळ रिकामं.

पण त्या नवीन अकाउंटमध्ये एक वस्तू अशी दिसली की मामा खुर्ची ओढून बसले. सर्व्हरवरचं स्पॅम फोल्डर. POP फक्त इनबॉक्स आणतं म्हणून हे फोल्डर पीसीवर कधी दिसलंच नव्हतं, आणि मोबाईलवर कोणी उघडलं नव्हतं. बहुतेक कचराच होता, पण त्यात चार खऱ्या चौकश्या निघाल्या, त्यातली एक चाकणच्या जुन्या कस्टमरची, ज्याच्याबद्दल मामा वर्षभर म्हणत होते की हल्ली तो विचारतच नाही.

मग जुन्या मेल वर चढवायच्या. जुन्या अकाउंटमधून मेल निवडून कंट्रोल दाबून नवीन फोल्डरवर ओढल्या की कॉपी होते आणि ती सर्व्हरवर अपलोड होते. पण पीसीवर २.४ जीबी आणि सर्व्हरवर जागा १ जीबी, म्हणजे सगळं जाणं शक्यच नाही. शेवटी फक्त चालू वर्षाच्या मेल चढवल्या, पाचशे-पाचशेच्या गठ्ठ्याने, कारण पहिल्यांदा तीन हजार एकदम टाकल्या तेव्हा मध्येच अडकलं आणि कुठपर्यंत गेल्या ते शोधण्यात अर्धा तास गेला. बाकीच्या Local Folders मध्ये वर्षाप्रमाणे ठेवल्या. त्या फक्त पीसीवरच दिसणार, मोबाईलवर नाही, हे ताईंना आणि मामांना दोघांना सांगून ठेवलं.

सोमवारी ताईंचा फोन, मामांनी मोबाईलवरून पाठवलेली उत्तरं अजून पीसीवर दिसत नाहीत. IMAP मध्ये पाठवलेल्या मेलची कॉपी सर्व्हरवरच्या फोल्डरमध्ये ठेवली जाते हे खरं, पण कोणत्या फोल्डरमध्ये ते ॲप ठरवतं. थंडरबर्ड आणि वेबमेल Sent वापरत होते, मोबाईलच्या ॲपने स्वतःचं Sent Items बनवलं होतं. मोबाईलच्या सेटिंगमध्ये Sent निवडलं, Drafts आणि Trash चंही तसंच जुळवलं, Sent Items मधल्या मेल Sent मध्ये हलवल्या आणि ते रिकामं फोल्डर उडवलं. तुमच्याकडे IMAP असूनही सेंट मेल सापडत नसेल तर आधी फोल्डरची यादी बघा, एकाच अर्थाची दोन-तीन नावं दिसली की तिथेच घोळ आहे.

खरा झटका पुढच्या आठवड्यात. मामांचा मोबाईल भरला म्हणून त्यांनी बसल्या बसल्या दोनशे मेल डिलीट केल्या, पीसीवर आहेतच या हिशोबाने. इतकी वर्षं ते खरंही होतं. आता मात्र सगळ्यांचा इनबॉक्स एकच, मोबाईलवर पुसलं की ऑफिसात आणि घरीही गेलं. ताईंच्या डोळ्यांसमोर यादी आकसली. नशीब, मेल Trash मध्ये होत्या, तिथून परत ओढल्या. Trash रिकामं केलं असतं तर होस्टिंगवाल्यांकडे बॅकअप आहे का विचारत बसलो असतो. मोबाईलची जागा वाचवायची तर त्या ॲपमध्ये किती दिवसांच्या मेल आणायच्या ते सेटिंग आहे, ते एक महिन्यावर ठेवलं, त्याने सर्व्हरवरचं काही जात नाही.

१ जीबी चा प्रश्न राहिलाच. जागा वाढवायचे पैसे मामा देणार नाहीत हे मला माहीत होतं, म्हणून आता ताई दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी सहा महिन्यांपेक्षा जुन्या मेल पीसीवरच्या Local Folders मध्ये हलवतात आणि प्रोफाईल फोल्डर त्या एक्स्टर्नल डिस्कवर कॉपी करतात. हिशेबाच्या कामाचा वेगळा मेल पत्ता आहे, तो फक्त त्याच पीसीवर उघडतात, तो मी POP वरच ठेवलाय. एकच मशीन, जागा कमी, आणि बॅकअप आता होतोय, तर उगाच कशाला हात लावायचा.

मामा अजून काहीही डिलीट करायच्या आधी ऑफिसात फोन करून विचारतात, "करू का?"