वॉचडॉग रीसेट करत होता, कंट्रोलर पुन्हा अडकत होता

पंप चालवणारा आमचा एसटीएम३२एफ४ कंट्रोलर अधूनमधून गप्प व्हायचा. वीज बंद-चालू केली की सुरळीत. त्यात वॉचडॉग आधीपासून होता, पण तो टायमर इंटरप्टमधून रिफ्रेश केला जात होता. मुख्य लूप अडकला तरी इंटरप्ट चालूच राहतो, त्यामुळे वॉचडॉगला काही कळतच नव्हतं. मी ती ओळ काढून लूपच्या शेवटी ठेवली.

वेळ ठरवताना प्रीस्केलर ६४ आणि रीलोड ९९९ घेतलं. वॉचडॉगचं स्वतंत्र घड्याळ ३२ किलोहर्ट्झचं धरलं तर हे २ सेकंद होतात. मात्र डेटाशीटप्रमाणे ते १७ ते ४७ किलोहर्ट्झमध्ये कुठेही असू शकतं, म्हणजे खरी मुदत साधारण १.४ ते ३.८ सेकंद. लूपची सर्वांत लांब फेरी १.४ च्या बरीच आत बसते ना, एवढं तपासलं.

मग कंट्रोलर रीसेट होऊ लागला, पण का ते कळेना. म्हणून सुरुवातीलाच कारण वाचून ठेवलं:

```c
uint32_t why = RCC->CSR;
RCC->CSR |= RCC_CSR_RMVF;
```

दुसरी ओळ हवीच. ती नसेल तर जुने फ्लॅग साचत जातात आणि नोंदीला अर्थ उरत नाही. शिवाय `PINRSTF` जवळजवळ नेहमीच लागलेला दिसतो, कारण आतून झालेला रीसेटसुद्धा NRST पिन खाली ओढतो. त्यामुळे आधी `IWDGRSTF` तपासायचा आणि रीसेट बटणाचा संशय सगळ्यात शेवटी.

एवढ्याने वॉचडॉगनेच रीसेट केलं हे समजलं. कोड कुठे अडकला ते समजण्यासाठी प्रत्येक कामाआधी त्याचा क्रमांक `RTC->BKP0R` मध्ये लिहू लागलो. हा रजिस्टर रीसेटनंतरही टिकतो आणि कितीही वेळा लिहिला तरी फ्लॅशसारखा झिजत नाही. फ्लॅशमध्ये नोंद फक्त बूट होताना, एकदाच.

नोंदी काढल्या तर एकामागोमाग एक वॉचडॉग रीसेट, आणि प्रत्येक वेळी तोच क्रमांक: आयटूसी सेन्सर वाचणं. इथे गोम लक्षात आली. रीसेट कंट्रोलरला मिळतो, सेन्सरला नाही. सेन्सर अर्धवट बाइट देता देता SDA खाली धरून बसलेला, आणि त्याची वीज गेलेलीच नाही! नव्याने उठलेला कंट्रोलर बस मोकळी व्हायची वाट पाहत पुन्हा त्याच जागी अडकायचा. ऑसिलोस्कोपवर SDA शून्यावरच दिसला.

आता बूट झाल्यावर SDA खाली असेल तर SCL साध्या आउटपुटसारखा हलवून जास्तीत जास्त ९ पल्स देतो, SDA सुटला की स्टॉप. वाचनाच्या `while` ला टाइमआउटही घातला, आणि तो लागला तरी हेच करतो. पंपाचा रिले पडताना तारेवर येणारा झटका अजून आहेच, त्यामुळे टाइमआउटच्या नोंदी मधूनमधून दिसतात. वॉचडॉगची मालिका मात्र थांबली. सध्या उरलेत ते `BORRSTF` चे रीसेट, म्हणजे पुरवठ्याचा व्होल्टेज बसतोय. तिथे कोडमध्ये शोधण्यासारखं काही नाही, पॉवर सप्लायच उघडायला हवा.