लाल आणि निळ्यातून जांभळा का निघेना : लाइपझिगमधील रंगीत कणीक

आमची साडेचार वर्षांची मुलगी लाइपझिगमध्ये ज्या बालवाडीत जाते, तिथे महिन्यातून एकदा कोणीतरी पालक येऊन सकाळचा एक तास मुलांबरोबर काहीतरी करतो. माझी पाळी आली तेव्हा मी रंगीत कणकेचे गोळे करायचे ठरवले. इथे त्याला ‘क्नेटे’ म्हणतात, आणि बाजारात डब्या मिळत असल्या तरी पुष्कळ घरांत ते अजूनही स्वयंपाकघरातच होते. मुलीची मागणी एकच होती : तिला ‘लीला’ हवा होता, म्हणजे आपला जांभळा. लाल आणि निळा मिसळला की जांभळा होतो हे आपण सगळेच शाळेत शिकलो आहोत, तेव्हा यात अवघड काही असेल असे मला वाटले नव्हते.

इथे घरोघरी चालणारी कृती अशी आहे. चारशे ग्रॅम मैदा, दोनशे ग्रॅम बारीक मीठ आणि दोन मोठे चमचे सायट्रिक ॲसिड किंवा तुरटीची पूड एकत्र करायची. त्यात तीन मोठे चमचे तेल आणि अर्धा लिटर उकळते पाणी घालून आधी चमच्याने ढवळायचे आणि हाताला सोसेल इतके निवले की मळायचे. उकळत्या पाण्यामुळे मैद्यातला स्टार्च अर्धवट शिजतो, म्हणून हा गोळा पोळीच्या कणकेसारखा ताणत नाही, तर मेणासारखा मऊ आणि आकार धरणारा होतो. मीठ आणि आंबट पूड यांच्यामुळे त्याला बुरशी लवकर लागत नाही. भारतात वाण्याकडे सहज मिळणारी तुरटी इथे मला औषधांच्या दुकानातून आणावी लागली. एवढ्या मिठाचा गोळा कोणी खाऊ नये म्हणून पहिला घास थुंकून टाकण्यासारखा खारट लागतो हे बरेच आहे. तरीही तीन वर्षांच्या आतील मुले असतील तर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावे लागते, कारण इतके मीठ मोठ्या प्रमाणात पोटात गेले तर ते धोक्याचे असते. घरात कुत्रा असेल तर त्याच्यापासूनही हा गोळा लांब ठेवावा.

रंगांचा प्रश्न आधी सुटायला हवा होता. युरोपीय संघात 2010 च्या जुलैपासून सहा विशिष्ट कृत्रिम खाद्यरंगांपैकी एखादा पदार्थात असेल, तर मुलांच्या वागण्यावर आणि एकाग्रतेवर त्याचा परिणाम होऊ शकतो असे वेष्टनावर छापावे लागते. त्यामुळे इथले पालक रंगाची पुडी उलटून मागची बारीक अक्षरे वाचतात. बालवाडीतील शिक्षिकेने मला वनस्पतींपासून केलेले रंग आणायला सांगितले होते. मी हळद घेतली आणि स्पिरुलिना या सूक्ष्म नील-हरित शेवाळापासून काढलेली निळी पूड विकत आणली. लाल रंग म्हणून लाल मिरचीच्या अर्काची एक बाटली मिळाली. ती उघडली तेव्हा आत खरोखर सुंदर, तापलेल्या विटेसारखा लाल होता.

आदल्या रात्री घरी रंगीत तालीम केली आणि ती दोन ठिकाणी फसली. पहिली चूक अशी की, रंग सगळीकडे सारखा पसरावा म्हणून मी निळी पूड थेट उकळत्या पाण्यात विरघळवली. पाणी बघता बघता राखाडी झाले. स्पिरुलिनाचा निळा रंग म्हणजे एक प्रथिन असते, आणि अंड्याचा पांढरा भाग जसा उष्णतेने बदलतो तसे तेही बदलते. साधारण साठ अंशांच्या वर ते टिकत नाही. दुसऱ्या गोळ्यात मी पूड कोमट कणकेत मळली, तेव्हा रंग उतरला खरा, पण तासाभरात तोही फिका पडला, कारण कणकेतल्या आंबट पुडीचे इतके आंबटपण त्या प्रथिनाला सोसत नाही. शेवटी मी आंबट पूड पूर्ण वगळली. फक्त निळ्या गोळ्यातून वगळून भागणार नव्हते, कारण मुले गोळे एकमेकांत मिसळणार म्हणजे शेजारच्या गोळ्यातला आंबटपणा निळ्यात येणारच. सगळेच गोळे त्याविना केले आणि ते महिनोन्‌महिने टिकतील ही आशा सोडून, फ्रीजमध्ये आठवडाभर राहतील एवढ्यावर समाधान मानले.

दुसरी फसगत जांभळ्याची. निळा आता छान आला होता, लाल तर छान होताच. दोन्ही मळले आणि हातात आला ओल्या मातीचा रंग. प्रमाण बदलले, निळा वाढवला, मग लाल वाढवला. मातीच्या छटा तेवढ्या बदलल्या. मुलीने शांतपणे “हे लीला नाही” असे सांगितले आणि ती झोपायला गेली.

सोलापूरला आईशी बोलताना मी तो गोळा कॅमेऱ्यासमोर धरला आणि मग रंगाची बाटलीही दाखवली. तिने साड्यांच्या दुकानात अर्धे आयुष्य घालवले आहे. ती म्हणाली, “अगं, तुझ्या लालात शेंदूर आहे. त्यातून वांगी रंग कसा निघेल? राणी घे.”

यावर मी विचार करत बसले आणि लक्षात आले की आईच्या त्या दोन वाक्यांत सगळे आले होते. पांढऱ्या प्रकाशाचे लाल, हिरवा आणि निळा असे तीन ढोबळ वाटे धरले, तर प्रत्येक रंगद्रव्य त्यातले काही गिळते आणि उरलेले आपल्या डोळ्यांकडे परत पाठवते. दोन रंग मळले की जे दोघेही गिळत नाहीत तेवढेच उरते. शेंदरी लाल हिरवा आणि निळा असे दोन्ही वाटे गिळतो; त्याच्याजवळ परत द्यायला फक्त लाल आहे. स्पिरुलिनाचा आकाशी निळा नेमका तो लालच गिळतो. दोघे एकत्र आल्यावर कोणाच्याच हाती काही उरत नाही आणि आपल्याला मळकट तपकिरी दिसतो. राणी रंग मात्र प्रामुख्याने हिरवाच गिळतो आणि लाल व निळा दोन्ही परत देतो. त्यात आकाशी मिसळला की निळा वाटा दोघांकडूनही सुटतो, राणीचे प्रमाण जास्त असेल तर थोडा लालही शिल्लक राहतो, आणि डोळ्यांना जांभळा दिसतो. छापखान्यात रंगीत चित्रे छापताना लाल, पिवळा, निळा असे न घेता राणीसारखा गुलाबी, पिवळा आणि आकाशी निळा या शाया घेतात, त्याचे कारणही हेच आहे.

गंमत अशी की मुलांच्या वर्गात भिंतीवर बारा भागांचे रंगचक्र लावलेले आहे. ही मांडणी योहानेस इटेन यांची. ते 1919 ते 1923 या काळात इथून फार लांब नसलेल्या वायमारमध्ये बाउहाउस या कलाशाळेत शिकवत असत. त्या चक्राच्या मध्यभागी लाल, पिवळा आणि निळा हे तीन मूळ रंग आहेत आणि त्यांतून जांभळा निघालेला दाखवला आहे. ‘लाल’ या एका शब्दात शेंदरी, कुंकवाचा, डाळिंबी असे कितीतरी रंग दडलेले असतात, आणि जांभळा जमणार की नाही हे त्यातला कोणता लाल हाती आहे यावर ठरते. आपल्या साडीच्या दुकानात हा घोळ होत नाही, कारण तिथे कोणी नुसता लाल मागत नाही.

राणी रंगासाठी मी बीट किसून पिळले. बिटाचा रंगही फार उकळला तर तपकिरी होतो, म्हणून तोही कोमट कणकेतच मळला. रसाच्या पाण्याने गोळा सैल झाला तेव्हा मूठभर मैदा वाढवला. मैदाही शक्य तितका पांढरा हवा. गव्हाच्या साध्या पिठाला स्वतःचा पिवळसरपणा असतो आणि पिवळा म्हणजे निळा गिळणारा, त्यामुळे त्या पिठात जांभळा नेहमी कोमेजलेला दिसतो. पिवळ्यासाठी अर्थातच हळद. ती उष्णतेला अजिबात दाद देत नाही.

बालवाडीत नऊ मुले होती. प्रत्येकासमोर लिंबाएवढे तीन गोळे ठेवले आणि सांगितले की मोठ्या गोळ्यात दुसऱ्या रंगाचा फक्त वाटाण्याएवढा तुकडा घालायचा, आणि मळण्याआधी काय होईल ते सांगायचे. हळदीच्या गोळ्यात निळ्याचा पहिला वाटाणा घातल्यावरच पोपटी दिसू लागला, तिसऱ्याला तो पानासारखा हिरवा झाला. उलट निळ्या गोळ्यात पिवळ्याचे चार वाटाणे गेले तरी रंग जेमतेम मोरपंखीकडे झुकला. निळा रंग गडद असल्याने थोडक्यात पुष्कळ काम करतो आणि पिवळा तसा करत नाही. म्हणून नेहमी फिक्यात गडद घालत जावे, गडदात फिका घालू नये. एका मुलाने ते आपणहून ओळखले आणि शेजारणीला “निळा कमी घे” असे बजावले. राणी गोळ्यात दोन वाटाणे आकाशी गेल्यावर जांभळा आला, अगदी वांग्याच्या सालीइतका गडद नाही, पण कोणीही त्याला जांभळाच म्हणेल असा. माझ्या मुलीने तो कोणाला हात लावू दिला नाही.

बोटांनी रंगवायच्या पातळ रंगांत हा सगळा प्रवास दोन सेकंदांत संपतो. कणीक मात्र सावकाश मिसळते : आधी दोन रंगांच्या रेघा, मग संगमरवरासारखी नक्षी, आणि खूप मळल्यावर एकच रंग. दोन मुलांनी नक्षीवरच हात थांबवले आणि पुढे मळायला ठाम नकार दिला. शेवटी काहींनी तिन्ही रंग एकत्र केले तेव्हा तोच आदल्या रात्रीचा मातकट रंग आला, ज्याला त्यांनी ‘चॉकलेट’ ठरवले आणि त्याचे केक केले.

चिपळूणच्या जाऊबाईंनी हीच कृती पावसाळ्यात करून पाहिली, तर दुसऱ्या दिवशी गोळे ओलेचिंब झाले. मीठ हवेतला ओलावा ओढते. तिथे मीठ निम्म्यावर आणावे, गोळे घट्ट झाकणाच्या डब्यात फ्रीजमध्ये ठेवावेत आणि खेळून झाल्यावर दोन-तीन दिवसांत टाकून द्यावेत. आंबूस वास किंवा चिकट तार आली तर त्याआधीच. बिटाचा आणि निळा गोळा खिडकीत उन्हात ठेवू नये, लवकर विटतो.

हात धुताना एक प्रकार घडला, जो मी ठरवला नव्हता. हळदीने पिवळे झालेले हात साबणाच्या वडीने चोळताच लालसर झाले आणि बेसिनपाशी एकच आरडाओरडा झाला. साबणातल्या क्षारामुळे हळद लाल होते. आपल्याकडे हळदीपासून कुंकू करतात तेही याच गुणावर. शिक्षिकेने विचारले की यात कोणता रंग मिसळला, तेव्हा मी लिंबाची फोड मागितली आणि एका मुलाच्या तळव्यावर चोळून दाखवली. हात पुन्हा पिवळा झाला. मग उरलेल्या आठ जणांनाही लिंबू हवे होते.