मॉपमध्ये हरवलेली सुई

दुपारी दोनला पाळी बदलते, तेव्हा मावशी आणि वॉर्डबॉय मामा एकत्र सापडतात. म्हणून सांडलेलं रक्त साफ करण्याचा वीस मिनिटांचा वर्ग तेव्हाच घेतला. फरशीवर रक्त म्हणून बीटाचा रस सांडला आणि त्यात टोक कापून बोथट केलेली एक सुई टाकली. "मावशी, पुसून दाखवा."

वॉर्डात बरीच वर्षं काम केलेल्या मावशींनी मॉप घेतला आणि फरशी दोन फटक्यांत साफ केली. सुई मात्र फरशीवर नव्हती. मावशी मॉप पिळायला वाकल्या, तेव्हा त्यांना थांबवलं. मॉपचे दोरे बाजूला केले, तर सुई आतच अडकलेली. खरी असती तर ती थेट तळहातात गेली असती.

पुसण्यात चूक नव्हती, क्रम चुकला होता. म्हणून तेच पुन्हा केलं. आधी जाड हातमोजे. मग चिमट्याने सुई उचलून पांढऱ्या, टोचून न फुटणाऱ्या डब्यात टाकली. हा डबा तीन चतुर्थांश भरला की बंद करायचा, दाबून जागा करायची नाही. त्यानंतर सांडलेल्यावर शोषणारा कागद टाकला आणि कडेकडून आत असं हायपोक्लोराइट या जंतुनाशकाचं 1 टक्क्याचं द्रावण ओतलं. कागदाआधीच द्रावण ओतलं तर शिंतोडे उडतात आणि रक्त पसरतं. दहा मिनिटं थांबून कागद पिवळ्या पिशवीत टाकला, मग जागा पुन्हा पुसली.

द्रावण कसं करता, हे विचारल्यावर उत्तर आलं, "बादलीत एक झाकण." बाटली 5 टक्क्यांची. झाकणात 20 मिली मावतात असं धरलं, तर 10 लिटरच्या बादलीत ताकद उरते 0.01 टक्का, म्हणजे हवी तिचा शंभरावा भाग. वास येतो, म्हणून काम होतंय असं वाटतं. 1 टक्क्यासाठी एक मग औषधाला चार मग पाणी लागतं, आणि हे रोज ताजं करायचं. त्यात संडास साफ करायचं ॲसिड कधीच मिसळायचं नाही, विषारी वायू सुटतो.

हातमोजे काढल्यावर साबणाने 40 ते 60 सेकंद हात धुवायचे. सगळ्यांचे अंगठे आणि बोटांची टोकं सुटली. ते नेहमीचंच.

एका मामांनी विचारलं, "टोचली तर बोट पिळून रक्त काढायचं ना?" नाही. पिळायचं नाही, तोंडातही घालायचं नाही. वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवायचं आणि लगेच सिस्टरांना सांगायचं. एचआयव्ही टाळण्याचं औषध लागणार असेल, तर पहिला डोस शक्यतो दोन तासांत जायला हवा. 72 तासांनंतर तो सुरू करत नाहीत.

शेवटी मावशींनी विचारलं, "एरवी चिमटा कुठं असतो?" तो कुलूपबंद कपाटात असायचा आणि किल्ली दुसऱ्या मजल्यावर. त्याच दिवशी चिमटा, जाड हातमोजे आणि कागद एका उघड्या टोपलीत घालून ती मॉपशेजारच्या खिळ्याला टांगली.