गिल्ड बँकेची फेररचना: 25 ओळींचा लॉग आणि ऑल्टची रँक

वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमधल्या आमच्या गिल्डच्या बँकेची आम्ही नव्याने मांडणी केली, त्याची ही नोंद. गिल्ड लहान आहे. डिचोली, साखळी, फोंडा, म्हापसा इथली मंडळी आणि नोकरीसाठी पुण्याला गेलेले काही जण. चवथीच्या दिवसांत सगळे माटोळी, पाहुणे आणि आरत्यांत गुंतलेले असतात, रेड बंद असते, म्हणून बँक रिकामी करून परत लावायला तेच दिवस धरले.

निमित्त झालं खनिजाचं. एका संध्याकाळी कच्च्या मालाच्या टॅबमधून आठ स्टॅक कमी दिसले. एका स्टॅकमध्ये 200 नग, म्हणजे 1600 नग एका बैठकीत गेले. आमची मर्यादा मात्र स्पष्ट होती: सदस्य रँकला या टॅबमधून दिवसाला दोनच स्टॅक. लॉग उघडला तर चार नावं दिसली, प्रत्येकापुढे दोन वेळा काढल्याची नोंद, आणि सगळ्या नोंदी साधारण एकाच तासातल्या. नावं एकमेकांशी काही संबंध नसलेली. रोस्टरमधल्या टिपा वाचल्यावर उलगडा झाला. चारही कॅरेक्टर आमच्या फोंड्याच्या एकाच सभासदाची. तो गिल्डसाठीच चिलखतं घडवत होता, त्याने घडवलेला माल बँकेतच जमा केला, आणि नियम कुठेही मोडला नव्हता.

हा प्रकार प्रत्येक ऑफिसरने समजून घ्यावा असा आहे. गेममधली मर्यादा कॅरेक्टरला लागते, माणसाला नाही. ज्याचे तीन ऑल्ट सदस्य रँकवर आहेत, त्याची खरी मर्यादा तुम्ही लिहिलेल्या आकड्याच्या चौपट असते. दुसरं म्हणजे मर्यादा स्टॅकमध्ये मोजली जाते, नगांमध्ये नाही. एका वेळी पाच नग उचलले तरी एक वजा, 200 उचलले तरी एकच वजा. पूर्वी बऱ्याच वनस्पती आणि खनिजांचा स्टॅक 20 चा असायचा, तेव्हा ‘दिवसाला दोन’ म्हणजे 40 नग. आता स्टॅक शेकड्यांत गेले आहेत, पण कित्येक गिल्डांत आकडा जुनाच राहिला आहे.

यावर उपाय रँकमध्येच आहे. गिल्डला जास्तीत जास्त दहा रँक ठेवता येतात, आम्हाला सहा पुरल्या: गिल्ड मास्टर, ऑफिसर, रेडर, सदस्य, ऑल्ट, नवा. ऑल्ट रँकला सगळे टॅब दिसतात, वस्तू टाकता येतात, पण काढायची मर्यादा सगळीकडे शून्य. ज्याला हवं त्याने मुख्य कॅरेक्टरवरून काढावं आणि गेममधल्या टपालाने ऑल्टला पाठवावं. थोडा त्रास आहे, पण मर्यादा त्यामुळे खऱ्या अर्थाने माणसाला लागू होते. ऑफिसरांच्या ऑल्टनाही हीच रँक दिली. त्यावर गिल्डमध्ये बरीच चर्चा झाली, आणि मला अजूनही हाच निर्णय सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. गेम स्वतःहून ऑल्ट ओळखून रँक देत नाही. नवीन कॅरेक्टर आत घेणाऱ्यानेच रँक लावायची आणि कोणाचा ऑल्ट ते टिपेत लिहायचं.

आता लॉगबद्दल. गिल्ड बँक 2007 मध्ये पॅच 2.3 बरोबर आली, तेव्हापासून प्रत्येक टॅबचा वेगळा लॉग आहे आणि त्यात शेवटचे 25 व्यवहार दिसतात. सव्विसावा झाला की सर्वांत जुना पुसला जातो. म्हणून टॅबची विभागणी मालाच्या प्रकारावर करण्यापेक्षा मालाच्या वेगावर करावी, असं माझं ठाम मत झालं आहे.

हिशेब करून पाहा. रेडला 18 जण आले आणि प्रत्येकाने पोशनच्या टॅबला दोनदा हात लावला, तर 36 नोंदी होतात. त्यातल्या पहिल्या 11 त्याच रात्री पुसल्या जातात, आधीच्या दिवसांचं तर काहीच उरत नाही. आमच्याकडे पूर्वी याच टॅबच्या खालच्या दोन ओळींत महागडी शस्त्रं ठेवलेली असायची. रेडच्या आधी त्यातलं एखादं कोणी उचललं असतं, तर सकाळी लॉगमध्ये मागमूस राहिला नसता. खनिजाची गोष्ट उलगडली ती कच्च्या मालाचा टॅब संथ असल्यामुळेच.

त्यामुळे आता पहिला टॅब वेगवान मालाचा: पोशन, फ्लास्क, खाणं. रेडर रँकला तीन स्टॅक, सदस्याला एक. एका टॅबला 98 खाने असतात, म्हणून डिचोलीचा आमचा ऑफिसर शिफ्ट दाबून क्लिक करतो आणि मोठा स्टॅक दहा-दहाचा करून मांडतो. पोशन 200 च्या स्टॅकमध्ये पडून असते तर तीन स्टॅकच्या परवानगीत एक कॅरेक्टर 600 नग नेऊ शकलं असतं, आता 30. दुसरा टॅब कच्च्या मालाचा, त्यात सदस्याला एकच स्टॅक. तिसरा मौल्यवान वस्तूंचा, जो सगळ्यांना दिसतो पण काढता येतो फक्त ऑफिसरांना, तेही दिवसाला दोन. दिसू देणं मी आग्रहाने ठेवलं, कारण वस्तू जागेवर आहे हे पाहणारे डोळे जितके जास्त तितकं बरं. चौथा टॅब नव्यांसाठी मोकळा, त्यात किरकोळ माल. आणखी टॅब घेतले नाहीत. पहिला 100 गोल्डला मिळतो, पण सहाव्याला 5000 पडतात, आणि आम्हाला एवढी जागा लागत नाही.

लॉग 25 ओळींचाच असल्यामुळे रेड संपल्यावर तो उतरवून घ्यायची पद्धत सुरू केली आहे. बँकेची खिडकी उघडी ठेवून पहिली ओळ चालवायची, क्षणभर थांबून दुसरी:

```
/run QueryGuildBankLog(1)
/run for i=1,GetNumGuildBankTransactions(1) do local t,n,l,c=GetGuildBankTransaction(1,i) print(t,n,l,c) end
```

कंसातला 1 हा टॅबचा क्रमांक. चॅटमध्ये व्यवहाराचा प्रकार, नाव, वस्तू आणि संख्या उतरते, मग स्क्रीनशॉट काढायचा. रेडच्या मध्यांतरात एकदा आणि शेवटी एकदा असं केलं, तर आमच्या संख्येला काही निसटत नाही.

गोल्डचं थोडक्यात: दुरुस्तीसाठी बँकेतून पैसे वापरण्याची परवानगी आणि गोल्ड हातात काढण्याची परवानगी वेगवेगळ्या आहेत. रेडरला फक्त पहिली दिली, दिवसाची मर्यादा लावून. हातात गोल्ड फक्त ऑफिसरांना.

एक धोका मात्र या रचनेतही उरतो. गिल्ड मास्टरच्या रँकला कुठलीच मर्यादा लागत नाही. त्याचं अकाउंट दुसऱ्याच्या हाती गेलं तर चारही टॅब काही मिनिटांत रिकामे होतील. म्हणून आमच्या गिल्ड मास्टरने आपलं रोजचं कॅरेक्टर ऑफिसर रँकवर आणलं आणि मास्टरची रँक क्वचित उघडल्या जाणाऱ्या दुसऱ्या कॅरेक्टरकडे दिली. अकाउंट तेच असल्यामुळे चोरीपासून यात संरक्षण नाही, घाईत चुकीचं बटण दाबलं जाण्यापासून आहे. चोरीसाठी ऑथेंटिकेटर लागतो, आणि तो आता ऑफिसर व मास्टर दोघांनाही सक्तीचा केला आहे.

पुढचं काम कच्च्या मालाच्या मर्यादेचं. एक स्टॅक चिलखत घडवणाऱ्यांना कमी पडतो अशी तक्रार आली आहे आणि ती रास्त आहे. त्यांच्यासाठी सातवी रँक काढायची की ऑफिसरने मागणीनुसार माल पाठवायचा, हे पुढच्या रेडला ठरेल. तुमच्याकडे कारागिरांची वेगळी रँक असेल तर तिची मर्यादा किती ठेवली आहे, ते कळवा.