सोऱ्या परत मागायचा मेसेज

काल चकलीची भाजणी दळून आणली आणि रविवारी चकल्या करायच्यात, म्हणजे पितळी सोऱ्या लागणार, आणि तो मागच्या दिवाळीपासून मैत्रिणीकडे आहे. घरात स्टीलचा आहे पण त्यात घट्ट पीठ दाबलं की खालची चकती सुटून येते, त्यामुळे आईचा पितळी सोऱ्याच हवाय मला. रात्री तिला मेसेज टाइप केला तो असा होता:

"काय मॅडम, बिझी दिसताय हल्ली, गोव्याचे फोटो बघितले, मस्त! सहज आठवलं म्हणून विचारते, आमचा सोऱ्या बहुतेक तुझ्याकडेच आहे ना? घाई अजिबात नाही हं, वेळ मिळेल तेव्हा दे. नाहीतर मी नवीन घेईन, तू टेन्शन नको घेऊस. असो..."

पाठवला नाही. आज दुपारी निवांत बसून प्रत्येक वाक्यापुढे ती काय उत्तर देईल ते मनात म्हणून बघितलं, आणि ज्या वाक्याला सोऱ्याबद्दल उत्तर देताच येत नाही, फक्त सॉरी म्हणता येतं किंवा खुलासा करता येतो, ते काढून टाकलं.

गोव्याचे फोटो पहिले गेले. त्याचा खरा अर्थ तुला फिरायला वेळ आहे पण माझी वस्तू द्यायला नाही, आणि तो तिला बरोब्बर कळला असता. मॅडमही गेलं, आम्ही शाळेपासून अगं-तुगं करतो, आमच्यात अचानक अहोजाहो आलं की समजायचं काहीतरी बिनसलंय. ह्याच कारणाने "कृपया शनिवारपर्यंत परत करावे" असलं ऑफिशियल काहीतरी लिहिणंही नको, ते दिसायला सभ्य पण मैत्रिणीला थेट लागतं. "बहुतेक" पण काढलं, कारण सोऱ्या तिच्याकडेच आहे हे मला पक्कं माहितीये, मग बहुतेक म्हणणं म्हणजे तिच्या तोंडून कबूल करून घेणं झालं.

सगळ्यात जास्त वेळ "घाई नाही" वर अडकले. दिसायला ते सगळ्यात गोड वाक्य आहे, आपण सगळेच संकोचापोटी लिहितो, पण मला घाई आहे! ती बिचारी त्यावर विश्वास ठेवणार, सोऱ्या पुढच्या आठवड्यात आणून देणार, आणि रविवारी मी स्टीलच्या सोऱ्याशी झटापट करत तिच्यावर चिडणार, म्हणजे माझंच वाक्य खरं मानलं म्हणून तिच्यावर राग. "सहज आठवलं" चंही तेच, सहज कुठे, भाजणीचा डबा समोर आहे. तारीख लिहिली की ही दोन्ही वाक्यं आपोआप गळतात.

"नवीन घेईन" ह्याला एकच उत्तर असतं, अगं नको नको, सॉरी. म्हणजे आधी तिने मला समजवायचं आणि मग सोऱ्याचा विषय. आणि "असो" पुढचे ते तीन टिंब, त्यात सगळी नाराजी भरलेली असते आणि बोललेलं काहीच नसतं, वाचणारीने ओळखत बसायचं.

इतकं छाटल्यावर राहिलं फक्त "सोऱ्या आहे ना तुझ्याकडे?" आणि तेही चालत नाही, कारण ती "हो आहे" म्हणेल आणि विषय संपेल. मागणं नीट दिसायला हवं, म्हणजे कुठली वस्तू, कधीपर्यंत, कशाला आणि आणायचं कोणी. शेवटचं फार कामाचं, कारण बरेचदा वस्तू अडकते ती देण्याची इच्छा नसते म्हणून नाही, तर नेऊन द्यायला जमत नाही म्हणून. शेवटी हा पाठवला:

"अगं, मागच्या दिवाळीत नेलेला पितळी सोऱ्या मला शनिवारपर्यंत हवाय, रविवारी चकल्या करायच्यात. शुक्रवारी ऑफिसातून येताना सातच्या सुमारास मी तुझ्याकडून घेऊन जाऊ का? चकलीची आणि शेवेची चकती आत आहे का तेवढं बघून ठेव."

आमच्या मैत्रिणींच्या ग्रुपवर नाही टाकला, तिलाच टाकला. ग्रुपवर हेच शब्द चारचौघात हिशोब मागितल्यासारखे वाटले असते.

वर्षभर तिला आठवलं नाही ह्याचं वाईट वाटलंय मला, ते खरंय, आईच्या हातची वस्तू आहे ती. पण ते मेसेजच्या फटीत कोंबायचं नाही, शुक्रवारी भेटल्यावर तोंडावर सांगणार, की पुढच्या वेळी ने, पण दिवाळी झाली की लगेच दे गं, आईचा आहे तो.

तिचं उत्तर आलं, "ये ना सातला, चहा टाकते. चकलीची आहे, शेवेची बारीक वाली सापडत नाहीये, शोधते." मी लिहिलं की शेव पुढच्या आठवड्यात करणारे, तोपर्यंत मिळाली तरी चालेल. ह्यावेळी ते खरंच तसं आहे.