कॅल्सियम 6.1

डायलिसिसवर आठ वर्षं काढलेली एक बाई. वय 43, वजन 48 किलो. गेल्या वर्षभरात तिची उंची कमी झाल्यासारखी वाटते, असं नवरा सांगत होता आणि ते खरंच होतं. मणके खचले होते. गुडघे, नितंब, टाचा दुखायच्या आणि खाजेने रात्र रात्र झोप नसायची. आमच्याकडे आली तेव्हा पॅराथायरॉइड हार्मोन, म्हणजे पीटीएच, 2140 होतं. निरोगी माणसात ते साधारण 65 च्या आत असतं. डायलिसिसच्या रुग्णात आम्ही त्या मर्यादेच्या दुप्पट ते नऊपटीपर्यंत चालवून घेतो, पण हे तेहतीसपट होतं.

आधीच्या केंद्रात पीटीएच दोन वर्षं तपासलंच नव्हतं. हिमोग्लोबिन आणि क्रिएटिनिन दर महिन्याला न चुकता झालेलं. डायलिसिसच्या रुग्णाचं क्रिएटिनिन दर महिन्याला बघून कुणाला काय कळतं, हे मला अजून उमगलेलं नाही. मध्येच कुणीतरी हाडं दुखतात म्हणून कॅल्सियम आणि आठवड्याला 60,000 युनिटची व्हिटॅमिन डीची पुडीही सुरू केली होती. ती पुडी कामाला लागण्यासाठी शेवटची प्रक्रिया मूत्रपिंडात व्हावी लागते, आणि तिची मूत्रपिंडं तर कधीच थांबलेली.

सगळं बिघडायला सुरुवात तिथूनच होते. मूत्रपिंड फॉस्फरस बाहेर टाकत नाही आणि सक्रिय व्हिटॅमिन डी, म्हणजे कॅल्सिट्रायॉल, पुरेसं बनवत नाही. त्यामुळे आतड्यातून कॅल्सियम कमी शोषलं जातं आणि रक्तातली पातळी घसरू लागते. गळ्यातल्या चार पॅराथायरॉइड ग्रंथींना ते जाणवतं. त्या पीटीएच सोडतात आणि ते हाडातून कॅल्सियम ओढून रक्तात आणतं. वर्षानुवर्षं हेच चाललं की ग्रंथी फुगतात आणि शेवटी कुणाचंच ऐकेनाशा होतात. हिचं कॅल्सियम 10.4 होतं, तरी पीटीएच 2140. कॅल्सियम वर असताना ग्रंथींनी गप्प बसायला हवं होतं, त्या बसत नव्हत्या. फॉस्फरस 7.1. अशा वेळी कॅल्सिट्रायॉल देऊन पीटीएच दाबायला जावं तर ते आतड्यातून कॅल्सियम आणि फॉस्फरस दोन्ही वाढवतं, आणि ते जास्तीचं रक्तवाहिन्यांत जाऊन बसतं. सिनाकॅल्सेटने तिला उलट्या झाल्या. राहिली शस्त्रक्रिया.

माझं लक्ष मात्र पीटीएचपेक्षा अल्कलाईन फॉस्फेटेजवर होतं. ते 1260 होतं. हाडात किती उलाढाल चाललीय, याचा तो अंदाज असतो, आणि तो आकडा इतका मोठा असला की ग्रंथी काढल्यानंतर काय होणार ते आधीच कळतं. पीटीएच हाड मोडत असतं, पण त्याच वेळी हाड बांधणाऱ्या पेशीही जोरात कामाला लागलेल्या असतात. पीटीएच एकदम गेलं की मोडणं थांबतं, बांधणं मात्र चालूच राहतं. मग हाडं रक्तातलं कॅल्सियम, फॉस्फरस, मॅग्नेशियम ओढून घेतात. याला हंग्री बोन सिंड्रोम म्हणतात. म्हणून शस्त्रक्रियेच्या काही दिवस आधी कॅल्सिट्रायॉल सुरू केलं, गळ्याची मध्यवर्ती लाइन आधीच टाकली आणि जास्त कॅल्सियमच्या द्रावणाचे कॅन स्टोअरमधून मागवून ठेवले. स्टोअरवाल्यांनी तीनदा विचारलं, 'नक्की हाच नंबर ना?'

सर्जननी काम सुरेख केलं. चारही ग्रंथी काढल्या, त्यातल्या एकीचे बारीक तुकडे फिस्टुला नसलेल्या हाताच्या स्नायूत रोवले. टेबलावरच पीटीएच पडलेलं दिसलं. बाहेर येऊन त्यांनी नवऱ्याला सांगितलं, 'ऑपरेशन यशस्वी झालं,' आणि ते गेले. नवऱ्याने देवाला नारळही बोलून टाकला. पुढची रात्र कशी जाणार, हे त्याला सांगायचं काम माझ्याकडे आलं.

संध्याकाळी कॅल्सियम 8.4, मध्यरात्री 6.9. ती रेसिडेंटला म्हणाली, 'ओठांभोवती मुंग्या येतात, बोटं आखडतात.' मी पोचले तेव्हा 6.1 होतं. बीपीचा पट्टा फुगवून थोडा वेळ तसाच ठेवला तर हात मनगटातून वळला, अंगठा तळव्यात गेला, बोटं ताठ झाली. ईसीजीत क्यूटी लांबलेलं. इथून पुढे झटका किंवा हृदयाचा ठोका बिघडणं, दोन्ही शक्य होतं.

10 टक्के कॅल्सियम ग्लुकोनेटच्या 10 मिलीच्या कुपीत शुद्ध कॅल्सियम जेमतेम 93 मिलिग्रॅम असतं. आधी एक कुपी दहा मिनिटांत, मॉनिटरवर नजर ठेवून. मग सलग पंपावर, किलोमागे तासाला साधारण एक मिलिग्रॅम. तिच्या वजनाला म्हणजे दर दोन तासांना एक कुपी, दिवसाला बारा. हेच भरपूर पाण्यात पातळ करून देता आलं असतं, पण जिला लघवीच होत नाही तिला ते पाणी कुठे ठेवायला सांगायचं? म्हणून ती मध्यवर्ती लाइन. हाताच्या शिरेतून कॅल्सियम बाहेर झिरपलं तर कातडी जळून सुटते. त्याच लाइनमधून बायकार्बोनेट द्यायचं नाही, दिलंत तर नळीत पांढरा साका बसतो. हे आमच्या रात्रपाळीच्या सिस्टरना पाठ होतं. तिथे डिग्री असलेल्यांपेक्षा त्यांचा मला जास्त भरवसा वाटतो.

सकाळी फॉस्फरस 1.9 आला. रेसिडेंटने तत्परतेने फॉस्फेटचं इंजेक्शन लिहिलं. आकड्यापुढे लाल खूण दिसली की तो आकडा सरळ करायचा, अशी या पिढीला सवय लागली आहे. मी ते खोडलं. फॉस्फेट आत गेलं की ते उरलंसुरलं कॅल्सियम धरून बसतं आणि 6.1 चे 5 व्हायला वेळ लागत नाही. फॉस्फरस 1 च्या खाली गेला, स्नायू लुळे पडले, तरच ते द्यायचं. त्यापेक्षा फॉस्फरस बांधणाऱ्या गोळ्या बंद केल्या आणि जेवू दिलं. आठ वर्षं जिला सुकी सुंगटं आणि काट्यासकट मासळी नको म्हणून सांगितलं, तिला मी सकाळी सांगितलं, 'घरून बांगडा आणायला सांगा.' तिने नवऱ्याकडे बघितलं. माझ्यावर तिचा विश्वास बसला नसावा.

तोंडाने कॅल्सियम सुरू केलं तेव्हा खरी गंमत. तीच कॅल्सियम कार्बोनेटची गोळी तिने वर्षानुवर्षं जेवणाबरोबर चावून खाल्ली होती, कारण घासाबरोबर ती अन्नातला फॉस्फरस धरते. आता तीच दोन जेवणांच्या मधे घ्यायची, म्हणजे ती रक्तात जाईल. चार वेळा समजावलं. नवऱ्याने शेवटी मोबाइलवर अलार्म लावले. कॅल्सिट्रायॉलही रोज 2 मायक्रोग्रॅमवर नेलं. एरवी आम्ही पाव मायक्रोग्रॅम देतानाही दोनदा विचार करतो. डायलिसिस 3.5 कॅल्सियमच्या द्रावणावर, गळ्यात ताजी जखम असल्याने हेपरिनशिवाय, दर अर्ध्या तासाने सलाइन सोडत.

पंप बंद करायला आठवडा उलटला. हाडांचं दुखणं मात्र तिच्या म्हणण्याप्रमाणे दोन दिवसांतच गेलं, आणि खाज त्याहून आधी. मला हे अजून नीट समजावून सांगता येत नाही. खचलेले मणके तर तसेच आहेत, उंची परत येणार नाही. दोन वर्षांपूर्वी एक रक्ताची तपासणी झाली असती तर कदाचित औषधांवर निभावलं असतं, हे मी तिला बोलले नाही. नवऱ्याने विचारलं असतं तर सांगितलं असतं.

घरी गेल्यावर अल्कलाईन फॉस्फेटेज आधी वर गेलं, मग उतरायला लागलं. ते उतरतं तशा कॅल्सियमच्या गोळ्या कमी करायच्या, नाहीतर याच गोळ्या पुढे कॅल्सियम 11 वर नेऊन ठेवतात. आता गोळ्या अर्ध्यावर आल्या आहेत, कॅल्सिट्रायॉलही. परवाच्या रिपोर्टात पीटीएच 38, म्हणजे आमच्या हिशेबाने कमीच, हाड आळशी होण्याची भीती तिकडूनही आहेच. फॉस्फरस पुन्हा 5.8. मी मासळीचा विषय काढला तर ती म्हणाली, 'डॉक्टर, श्रावण लागतोय, महिनाभर तरी आपलं भांडण नको.' मग काजू किती खाता, ते मी विचारलं.