स्टुडिओवाला भाऊ नेमका कोणता?

गौरीजेवणाचा दिवस, रात्री उशिरा

चवथीला घर भरलं की भजन आटोपल्यावर पडवीत प्रश्नमंजूषा होते, ही आमच्याकडची रीत. यंदा मुंबईच्या पुतण्याने एक अख्खी फेरी 'पॅरेंटहूड' या मालिकेवर ठेवलीय, कारण सगळ्या भावंडांनी ती बघितलेली आहे. अट त्याचीच: प्रश्नात पात्राचं नाव नको, दिसण्याचं वर्णन नको, प्रसंग नको. फक्त नातं आणि कामधंदा. प्रश्न तपासून द्यायचं काम माझ्या गळ्यात पडलं. दुपारी पुरणाचा हात धुतला आणि त्याची वही घेऊन बसले.

मालिका 2010 ते 2015 या काळातली, सहा सीझन. कॅलिफोर्नियातल्या बर्कलीत राहणारं ब्रेव्हरमन कुटुंब. झीक आणि कॅमिल हे आजीआजोबा. त्यांची चार मुलं: अ‍ॅडम, सारा, क्रॉस्बी आणि धाकटी ज्युलिया. चौघांचे संसार, त्यांची पोरं, सासरची माणसं. चवथीचं आमचं घरच म्हणा, फक्त समुद्र दुसऱ्या बाजूचा.

वहीतला पहिलाच प्रश्न असा: "याची बहीण वकील आहे. हा भावंडाच्या भागीदारीत ध्वनिमुद्रणाचा स्टुडिओ चालवतो. कोण?" पुतण्याचं उत्तर, क्रॉस्बी. ऐकायला बरोबर वाटतं, कारण क्रॉस्बी पहिल्या भागापासूनच ध्वनिमुद्रणातला माणूस. पण दुसऱ्या सीझनच्या शेवटाला अ‍ॅडमची बुटांच्या कंपनीतली नोकरी जाते आणि तिसऱ्यात दोघे भाऊ मिळून 'लंचनेट' नावाचा जुना स्टुडिओ घेतात. म्हणजे स्टुडिओ दोघांचा, वकील बहीण ज्युलियाही दोघांची, आणि भागीदार भावंड म्हणाल तर प्रत्येकाला दुसरा आहेच. मोठी वहिनी तांदूळ निवडता निवडता ऐकत होती. म्हणाली, "अगो, मगे दोघांचाव उत्तर बरोबर धरूचा लागतला." तिने मालिका बघितलेली नाही, तरी दुखणं बरोबर पकडलं.

यात एक गोष्ट पक्की ध्यानात घ्यायला हवी. सख्ख्या भावांची वरची नाती एकच असतात: आई, बाप, आजोबा. बाजूची नातीही एकच: बहीण तीच, मेहुणा तोच, भाचरंही तीच. त्यामुळे "वकिलाचा भाऊ", "युद्धावर गेलेल्या बापाचा मुलगा" अशा कितीही खुणा रचल्या तरी अ‍ॅडम आणि क्रॉस्बी एकमेकांना चिकटूनच राहतात. प्रश्न अवघड झाल्याचा भास होतो, पण एकही माणूस गळत नाही. आमच्या वाडीत "बाबल्याचो झील, मुंबईक पोलिसात" म्हटलं तर दोघे उभे राहतात. "ज्याची बायको शाळेत शिकवते तो" म्हटलं की एकच उरतो. भाऊ वेगळे होतात ते लग्नाने आणि पोरांनी.

म्हणून मी प्रश्न असा बदलला: "हे पात्र जबारचं काका लागतं आणि भावाबरोबर स्टुडिओ चालवतं." जबार क्रॉस्बीचा मुलगा, त्यामुळे क्रॉस्बी बाद, अ‍ॅडम उरला. पण नाव घ्यायचं नाही ही अट! मग जबारच्या जागी "नर्तकीच्या मुलाचा काका" केलं, कारण जबारची आई जॅस्मिन नाचणारी. आता उत्तर एकच येतं. उलट क्रॉस्बी हवा असेल तर "नर्तकीचा नवरा" एवढं पुरे, स्टुडिओची गरजच नाही.

वहीत "पात्र" हा शब्द मी जाणूनबुजून घातला. मराठीत "चालवतो" म्हटलं की बाई की बुवा हे फुकटात कळतं. नपुंसकलिंगी "पात्र" घेतलं की ते झाकलं जातं. बुटांच्या कंपनीच्या प्रश्नात याचा खरा उपयोग आहे, कारण तिथे अ‍ॅडम होता आणि पुढे काही काळ साराही होती.

कामधंद्याची खूण मात्र सांभाळून घ्यावी लागते. रक्ताचं नातं पहिल्या भागापासून शेवटपर्यंत तेच राहतं, धंदा बदलतो. अ‍ॅडम आधी बुटांच्या कंपनीत, मग स्टुडिओत, आणि शेवटाला पत्नी क्रिस्टिनाने काढलेल्या शाळेची धुरा त्याच्याकडे येते. ज्युलियाही पुढे वकिली सोडते. आता "वकील आहे" हा वर्तमानकाळ कुठल्या सीझनचा? म्हणून प्रत्येक धंद्यापुढे सीझन लिहून ठेवायला पुतण्याला सांगितलं, आणि प्रश्नात "कधीकाळी" किंवा "शेवटी" यांपैकी एक शब्द हवाच. साराबद्दलचा प्रश्न तर मी काटच मारला. बार, बूट, फोटोग्राफरची मदतनीस... तिच्या कामांवरून प्रश्न काढायचा तर आधी कुठली सारा ते विचारावं लागेल.

सगळ्यांत मजा आली ती नातींच्या प्रश्नाला. साराची अँबर आणि अ‍ॅडमची हॅडी या दोघी पोरांना नेहमी गोंधळात टाकतात, आणि त्यात त्यांचा दोष नाही. दोघी झीकच्या नाती, दोघी आपापल्या घरातल्या थोरल्या, दोघींना धाकटा भाऊ: अँबरला ड्रू, हॅडीला मॅक्स. दोघी सुरुवातीला शाळेत. पुतण्याने लिहिलं होतं, "व्हिएतनाम युद्धात लढलेल्या माणसाची थोरली नात, नातेवाइकाचा स्टुडिओ आहे." हॅडीचा बाप आणि काका, दोघेही स्टुडिओचे मालक. अँबरचे मामा. दोघीही बसतात.

मी एकेक नाव घेऊन त्याला प्रश्न लावून बघते, हवं असलेलं उत्तर सोडून बाकी सगळी. नवीन प्रश्न असा ठेवला: "दोन्ही मामांचा मिळून जो स्टुडिओ आहे, तिथेच हे पात्र कामाला लागतं." हॅडीला लावलं: अ‍ॅडम तिचा बाप, मामा नव्हे, म्हणून बाद. मॅक्स आणि नोरा त्याच कारणाने बाद. जबारचंही तसंच, क्रॉस्बी त्याचा बाप. उरली साराची आणि ज्युलियाची मुलं, म्हणजे अँबर, ड्रू, सिडनी आणि व्हिक्टर. चौघांचेही मामा हेच दोघे, इथवर नात्याचं काम संपलं. आता धंदा. सिडनी आणि व्हिक्टर अजून लहान, ड्रूची वाट कॉलेजची. स्टुडिओत कामाला लागते ती अँबर. नात्याने घर निवडलं आणि कामाने माणूस. प्रश्न दोन ओळींचा, पण दोन्ही ओळी कामाच्या.

आणखी एक जोडी वहीत राहिलीय. बॉब लिटल या राजकारण्याकडे क्रिस्टिनाही काम करते आणि अँबरही. "राजकारण्याकडे काम करणारी, ब्रेव्हरमन घराण्यातली" एवढ्यावर पुतण्या अडून बसलाय, म्हणतो अँबरचं आडनाव होल्ट, ती ब्रेव्हरमन कुठली? मी म्हटलं, क्रिस्टिनाचं तरी माहेरचं आडनाव ते आहे का? शेवटी "पुढे स्वतःच महापौरपदाला उभी राहते" हे जोडून क्रिस्टिनाला मोकळं केलं. "उभी राहते"ने बाई असल्याचं कळतं, पण दोघी बायाच आहेत, तेव्हा चालेल.

उद्याच्या फेरीत असे नऊ प्रश्न आहेत. दहावा पुतण्या आताही झोपाळ्यावर बसून लिहितोय, ज्युलियाच्या नवऱ्यावर. धाकट्या भाचीने आधीच विचारलंय की जोएल घर सांभाळत होता तेव्हा त्याचा धंदा काय लिहायचा. मी तिला सांगितलं, सीझन लिही आणि "घर सांभाळतो" असंच लिही. त्या घरात त्या वेळी तेवढंच करणारा बाप तोच एक आहे.